बिलेबल तास भागिले उपलब्ध तास: एका डिझाइन ऑफिसचा ऑक्टोबर महिना

पुण्यातल्या आमच्या कन्सल्टन्सीत केमिकल आणि औषधांच्या कारखान्यांचं पाइपिंग आणि सिव्हिल-स्ट्रक्चरल डिझाइन होतं. आमच्याकडे विकायला माल नाही, यंत्र नाही. क्लायंट पैसे मोजतो ते आमच्या माणसांच्या तासांचे, म्हणजे या धंद्यातल्या भाषेत मॅन-अवर्सचे. सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट जशी नंतर विकता येत नाही, तसा ड्राफ्ट्समनचा काल रिकामा गेलेला तास आज बिलात घालता येत नाही. मी या ऑफिसात प्लॅनिंग बघते. गेल्या दिवाळीनंतर डायरेक्टर सरांनी मला बोलावून विचारलं, "लोक तर दिवसभर स्क्रीनसमोर असतात, काही जण शनिवारीही येतात. मग महिनाअखेरीला बिलिंग का कमी पडतं? जरा युटिलायझेशन काढा बघू."

युटिलायझेशनची व्याख्या एका ओळीत मावते: बिलेबल तास भागिले उपलब्ध तास, गुणिले शंभर. मी आकडा त्याच दिवशी काढू शकले असते. पण भागाकाराच्या वर काय ठेवायचं आणि खाली काय ठेवायचं, हे ठरवण्यात आमचे पुढचे दोन-तीन महिने गेले. ते कसे गेले, ते सांगते, कारण आमच्यासारख्या दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसांत हा आकडा फार सहज काढला जातो आणि त्याहून सहज माणसांवर लावला जातो.

आधी खालचा आकडा, म्हणजे उपलब्ध तास. मी ऑक्टोबर २०२५ घेतला. ऑफिसात चौदा माणसं आहेत. त्यातले अकाउंट्सचे सर आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई यांचे तास कुठल्याच क्लायंटला लागत नाहीत, त्यामुळे ते दोघं हिशोबाबाहेर. उरले बारा. ऑक्टोबरमध्ये सोमवार ते शुक्रवार असे २३ दिवस होते. रोजचे आठ तास धरले तर माणशी १८४ आणि बारा जणांचे २२०८ तास.

पण त्या महिन्यात दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ तारखेला आली, आणि दिवाळीची सुट्टी २१, २२, २३ अशी होती. चार दिवस ऑफिस बंद. राहिले १९ दिवस, म्हणजे माणशी १५२ आणि सगळ्यांचे मिळून १८२४ तास. शिवाय लक्ष्मीपूजनाच्या आधीचा सोमवार आणि भाऊबीजेनंतरचा शुक्रवार जोडून अनेकांनी रजा टाकल्या होत्या, कारण सलग नऊ दिवस गावी जायला मिळत होतं. अशा रजा एकूण २१ मनुष्यदिवस, म्हणजे १६८ तास. त्या वजा केल्यावर उरले १६५६ तास.

टाइमशीटमध्ये प्रोजेक्टच्या जॉब नंबरवर टाकलेले तास होते १२४२. आता भागाकार करून बघा. २२०८ ने भागलं तर ५६ टक्के येतात, १८२४ ने भागलं तर ६८, आणि १६५६ ने भागलं तर बरोबर ७५. महिना तोच, माणसं तीच, काम तेवढंच. फक्त छेद बदलला.

मी तिन्ही आकडे एका कागदावर लिहून मीटिंगला नेले. अकाउंट्सचे सर म्हणाले, "अहो मॅडम, पगार तर सगळ्या दिवसांचा जातो ना? सुट्टीचाही जातो, रजेचाही जातो. मग ५६ हाच खरा आकडा." पाइपिंगच्या लीड मॅडम लगेच म्हणाल्या, "सर, दिवाळीत ऑफिस बंद होतं त्याला माझी मुलं काय करणार? ज्या दिवशी ती इथे होती, त्या दिवसांचं विचारा." दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. अकाउंट्सच्या सरांचा प्रश्न खर्चाचा: जेवढ्या तासांचा पगार दिला त्यातले किती विकले? लीड मॅडमचा प्रश्न कामाचा: माणूस हजर असताना त्याच्याकडे विकण्याजोगं काम होतं का? आणि मधला छेद, सुट्ट्या वजा केलेला पण रजा न केलेला, मला प्लॅनिंगसाठी लागतो, कारण पुढच्या तिमाहीत ऑफिस कधी बंद आहे ते आज माहीत असतं, पण कोण कधी रजा टाकेल ते माहीत नसतं.

गोंधळ कुठे होतो, तर छेद एकाचा आणि अपेक्षा दुसऱ्याची धरली की. डायरेक्टर सरांच्या मनात ८५ टक्के हा आकडा होता. पूर्वी ते ज्या मोठ्या कंपनीत होते तिथे तो ऐकलेला. मी त्यांना वर्षाचा हिशोब मांडून दाखवला. २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे २६१ दिवस, म्हणजे २०८८ तास. आमच्याकडे आठवड्याच्या मधे पडणाऱ्या सुट्ट्या साधारण दहा. रजांसाठी आम्ही महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातलं प्रमाण धरतो: ८ किरकोळ रजा, आणि दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, तिच्या वर्षाला साधारण बारा होतात. सगळं वजा केलं की २३१ दिवस, १८४८ तास उरतात. म्हणजे एखाद्याने हक्काच्या सगळ्या रजा घेतल्या आणि हजर असताना एकही मिनिट बिनबिलाचं घालवलं नाही, तरी पूर्ण छेदावर तो ८८.५ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. त्या छेदावर ८५ मागणं म्हणजे वर्षभरात जवळजवळ ट्रेनिंग नाही, प्रपोजल नाही, मीटिंग नाही, सर्व्हर बंद पडणं नाही, असं मागणं. रजा वजा केलेल्या छेदावर मात्र ८५ ही ड्राफ्ट्समनसाठी वाजवी अपेक्षा आहे.

शेवटी आम्ही ठरवलं की माणसं आणि टीम यांच्यासाठी रजा वजा केलेला छेद, आणि खर्चासाठी टक्का काढायचाच नाही, सरळ तास मोजायचे. एक्सेलमध्ये सुट्ट्यांची यादी एका कॉलममध्ये ठेवली, महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख `B1` आणि `B2` मध्ये, रजेचे दिवस `C5` मध्ये, आणि उपलब्ध तास असे काढले:

```
=(NETWORKDAYS($B$1,$B$2,$H$2:$H$12)-C5)*8
```

`NETWORKDAYS` शनिवार-रविवार आपोआप सोडतं. ज्यांच्याकडे फक्त रविवार सुट्टी असते, त्यांनी `NETWORKDAYS.INTL` घेऊन तिसऱ्या जागी `11` द्यावं. सुट्ट्यांच्या यादीत तारखा खरोखर तारखा म्हणून भरल्या आहेत ना, मजकूर म्हणून नाहीत ना, एवढं मात्र तपासावं. मजकूर असेल तर दिवस चुकीचे मोजले जातात आणि कधी नुसती एरर येते.

आता वरचा आकडा. ७५ टक्के बघून सर खूश झाले होते, पण मला तो आकडा पटत नव्हता. ७५ टक्के तास विकले गेले असतील तर बिलिंगमध्ये ते दिसायला हवं होतं, आणि ऑक्टोबरचं बिलिंग पडलेलं होतं. तेव्हा मी १२४२ तास कुठून आले ते टाइमशीटच्या ओळी उघडून बघायला बसले.

पहिली गोष्ट ओळींचा आकार बघूनच लक्षात आली. बऱ्याच जणांचा अख्खा आठवडा एकाच जॉब नंबरवर आठ, आठ, आठ, आठ, आठ. डिझाइन ऑफिसात असा आठवडा क्वचितच जातो. कोणी तासभर दुसऱ्याचं ड्रॉइंग चेक करतं, कोणी साइटवरून आलेल्या फोनला उत्तर देतं. सरळ आठची रांग दिसली की टाइमशीट शुक्रवारी संध्याकाळी, किंवा महिनाअखेरीला आठवून भरली आहे असं समजावं. खात्री करायला मी ट्रान्समिटल रजिस्टर शेजारी ठेवलं, म्हणजे कुठलं ड्रॉइंग कुठल्या तारखेला कुठल्या रिव्हिजनला बाहेर गेलं त्याची नोंद. एका दिवशी थ्रीडी मॉडेलचा सर्व्हर दुपारी जेवणानंतर बंद पडला होता, आयटीवाल्याला बोलवावं लागलं होतं, ते सगळ्यांना आठवत होतं. त्या दिवशी पाइपिंगच्या चारही डिझायनरांचे एका जॉबवर पूर्ण आठ तास लागलेले होते.

त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, दुसरं कुठे टाकणार? जॉब नंबरशिवाय एकच कोड आहे, ओव्हरहेड. ओव्हरहेड टाकलं की लीड मॅडम विचारतात दिवसभर काय केलंस म्हणून." त्याचं म्हणणं मला अगदी पटलं. आम्ही त्याला खरं लिहायला जागाच दिली नव्हती.

म्हणून कोड वाढवले, पण मोजकेच. `PRJ` म्हणजे जॉबवरचं ठरलेलं काम. `RWK` म्हणजे त्याच जॉबवर पुन्हा करावं लागलेलं काम, आणि शेजारी कारणाचा एक शब्द: क्लायंट, व्हेंडर किंवा आपण. `WAIT` म्हणजे माणूस जॉबवर आहे पण इनपुट आलेलं नाही. `PROP` प्रपोजलसाठी, `TRG` शिकण्या-शिकवण्यासाठी, आणि `OPEN` म्हणजे माझ्याकडे काम नाही, द्या. याहून जास्त कोड केले तर लोक यादीतला पहिला निवडतात, हे आम्ही एका जुन्या क्लायंटच्या पस्तीस कोडांच्या टाइमशीटमध्ये पाहिलं होतं. टाइमशीट रोज संध्याकाळी भरायची, आणि रोज सकाळी `OPEN` आणि `WAIT` ची यादी सगळ्या लीडना जायची. `OPEN` लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारायचा नाही. विचारायचं असेल तर लीडला, की माणूस काल रिकामा होता तर आज काय दिलं. हा नियम सरांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितला. नुसता मेल पाठवला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

ऑक्टोबरच्या ओळी मात्र आधीच भरलेल्या होत्या. त्या मी लीडना घेऊन एकेक जॉब करून फोडल्या, आणि तिथे बिलिंगचं उत्तर सापडलं.

आमचे जॉब दोन प्रकारचे असतात. रिइम्बर्सेबल जॉबमध्ये जेवढे तास लागतील तेवढे क्लायंट तपासून मंजूर करतो आणि तेवढ्यांचं बिल होतं. लम्प-सम जॉबमध्ये रक्कम आधी ठरलेली असते. आम्ही आतल्या आत तासांचं बजेट करतो, पण क्लायंटला त्याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला ड्रॉइंग्ज हवी असतात. टाइमशीटला हा फरक कळत नाही. दोन्हींवरचा तास तिच्या लेखी बिलेबलच.

१२४२ पैकी ७०२ तास रिइम्बर्सेबल जॉबवर होते. त्यातले २४ क्लायंटने कापले, कारण त्यात नव्या मुलाला सॉफ्टवेअर शिकवण्याचे तास मिसळले होते आणि क्लायंटच्या इंजिनिअरने ते बरोबर ओळखले. उरलेले ५४० लम्प-समवर, मुख्यतः एका पाइप रॅकच्या जॉबवर. तिथे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण डिझाइन ऑफिसांचे तास सगळ्यात जास्त इथेच जिरतात.

पंपाच्या व्हेंडरकडून ड्रॉइंग यायला उशीर होत होता. क्लायंट म्हणाला, प्राथमिक ड्रॉइंगवर पुढे जा. आम्ही पंपाला जोडणाऱ्या लाइन्स टाकल्या, एकेका लाइनचे तपशीलवार ड्रॉइंग म्हणजे आयसोमेट्रिक काढले, पाइप सपोर्टचा भार स्ट्रक्चरलच्या टीमला दिला, त्यांनी बीम बसवले. मग व्हेंडरचं पक्कं ड्रॉइंग आलं आणि त्यात पंपाचं सक्शन नॉझल सरकलेलं निघालं. नॉझल थोडं सरकलं तरी लाइनचा मार्ग बदलतो, मार्ग बदलला की स्ट्रेस अॅनालिसिस पुन्हा, सपोर्टची जागा पुन्हा, बीमवरचा भार पुन्हा, आणि मटेरियलची यादीही पुन्हा. या सगळ्यात १४० तास गेले. त्यावरची चारही माणसं मान खाली घालून, प्रामाणिकपणे काम करत होती. त्यांच्या टाइमशीटवर ते तास बिलेबल होते. पण लम्प-सम रक्कम एका रुपयानेही वाढलेली नव्हती, कारण चेंज ऑर्डर, म्हणजे वाढलेल्या कामाच्या जादा पैशांची मंजुरी, मागितलीच नव्हती. प्रोजेक्ट मॅनेजरचं म्हणणं होतं की जॉब संपताना एकदम बोलू.

१२४२ मधून २४ आणि १४० वजा केले की १०७८ उरतात. १६५६ ने भागलं की ६५ टक्के. टाइमशीटमधला ७५ आणि हा ६५, या दोघांत जे दहा टक्के आहेत, त्यांना आमच्या धंद्यात रिअलायझेशनमधली गळती म्हणतात: काम केलं, जॉबवर लिहिलं, पण पैसे आले नाहीत.

त्यातून खर्चाचा हिशोब सरळ लागला. ऑफिसचा महिन्याचा सगळा खर्च, पगार, भाडं, सॉफ्टवेअरची लायसन्स धरून, साडेतेरा लाख. तासाचा सरासरी दर १२०० रुपये. भागाकार केला तर खर्च भागायला ११२५ तास विकले जायला हवेत. आमचे विकले गेले १०७८. ४७ तास कमी, म्हणजे ५६,४०० रुपयांचा तोटा. कागदावर ७५ टक्के युटिलायझेशन आणि महिना तोट्यात, असं एकाच वेळी कसं होऊ शकतं ते सरांना त्या एका ओळीत दिसलं. हे ११२५ तास दर महिन्याला तेवढेच राहतात, सुट्ट्या असोत नसोत. ऑक्टोबरमध्ये हजर तासांच्या तुलनेत ते ६८ टक्के होतात. एकही सुट्टी नसलेल्या, फारशा रजा न पडलेल्या महिन्यात ते साठ टक्क्यांच्याही खाली येतात. म्हणूनच खर्चासाठी टक्का नको, तास धरा, असं मी म्हणते.

आता त्या १४० तासांची चेंज ऑर्डर उशिरा का होईना, मागितली. व्हेंडरच्या ड्रॉइंगच्या दोन्ही रिव्हिजन्स आणि क्लायंटचा 'पुढे जा' म्हणणारा मेल जोडला, आणि नोव्हेंबरमध्ये ९० तास मंजूर झाले. मग प्रश्न आला: ऑक्टोबरचा आकडा बदलायचा का? आम्ही बदलला नाही. महिना बंद झाला की बंद. मागून मंजूर झालेले तास ज्या महिन्यात मंजूर झाले त्या महिन्यात वेगळ्या कॉलममध्ये येतात. नाहीतर मागचे आकडे सतत हलत राहतात आणि कोणीच कशावर बोट ठेवू शकत नाही. उलट फायदा असा झाला की `RWK` च्या ओळीत 'व्हेंडर' किंवा 'क्लायंट' हे कारण आणि आठवड्याचे आठाहून जास्त तास दिसले, की प्रोजेक्ट मॅनेजरला त्याच आठवड्यात चेंज ऑर्डरची नोटीस काढावी लागते. मागणी ताजी असली की क्लायंटही ऐकून घेतो. सहा महिन्यांनी त्याच्याकडचा माणूसही बदललेला असतो.

माणसांच्या आकड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटत होती, आणि ती योग्यच होती. पाइपिंगच्या एका ज्युनिअर डिझायनरचे ऑक्टोबरमध्ये उपलब्ध तास १३६ आणि बिलेबल ५२ होते: ३८ टक्के. त्याच टीममधल्या सीनिअर डिझायनरचे उपलब्ध १४४ आणि बिलेबल १५८: जवळजवळ ११० टक्के. मीटिंगमध्ये कोणी तरी लगेच म्हणालं, "एकाला बक्षीस द्या आणि दुसऱ्याशी बोला." मी म्हटलं, आधी दोघांच्या ओळी शेजारीशेजारी ठेवून बघू.

ज्युनिअर त्या पंपाच्या जॉबवर होता. दोन आठवडे तो व्हेंडरच्या ड्रॉइंगची वाट बघत होता. लाजेखातर जुन्या प्रोजेक्टचं फाइलिंग करत होता आणि त्याने ते खरेपणाने ओव्हरहेडवर लिहिलं होतं. सीनिअरकडे त्याच दोन आठवड्यांत दुसऱ्या जॉबचे आयसोमेट्रिक साचले होते. तो रात्री आठ-आठपर्यंत बसत होता, दोन शनिवारी आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, समजावून सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझं होतं. आणि त्याचं मला परत चेक करावं लागतं, ते चेकिंग कुठल्या जॉबवर टाकू?" म्हणजे शिकवण्याला कोड नाही, म्हणून शिकवणं नाही, म्हणून एक रिकामा आणि एक थकलेला. शेवटच्या आठवड्यात सीनिअरच्या आयसोमेट्रिकवर चेकरच्या लाल शेऱ्यांची संख्या वाढलेली होती, तीही मी दाखवली. जे १४ तास शंभराच्या वर गेले त्यांचा काही भाग नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीत परत गेला.

तेव्हापासून शंभराच्या वरचा आकडा आमच्या तक्त्यात टक्क्यात धरतच नाही. उपलब्ध तासांची मर्यादा ठरलेली. त्यापलीकडचे तास 'जादा' या स्वतंत्र कॉलममध्ये. नाहीतर टीमच्या सरासरीत एकाचे ११० दुसऱ्याचे ३८ झाकतात, आणि माझं जे खरं काम, म्हणजे काम इकडून तिकडे सरकवणं, त्याची गरजच दिसत नाही. जादाचा कॉलम भरलेला आणि `OPEN` चाही भरलेला, असं एकाच टीममध्ये एकाच आठवड्यात दिसलं, तर ती वाटपाची अडचण आहे. `WAIT` भरलेला असेल तर ती क्लायंटकडून इनपुट मिळवण्याची. आणि सगळीकडे `OPEN` असेल तर ती विक्रीची अडचण, म्हणजे सरांची स्वतःची. ड्राफ्ट्समनच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं. म्हणून एका माणसाचा एका महिन्याचा टक्का वार्षिक अप्रेझलमध्ये वापरायचा नाही, असा मी आग्रह धरला. मान्य व्हायला वेळ लागला, पण झालं.

अपेक्षाही सगळ्यांना एकच ठेवली नाही. सात डिझायनर आणि ड्राफ्ट्समन यांना ८५, चार लीडना ७०, आणि विभागप्रमुखांना ४०. वजनी सरासरी ७६ येते. लीडना ७० का, हे पटवायला ऑक्टोबरचंच उदाहरण होतं: स्ट्रक्चरलच्या लीडनी एका प्रपोजलचे तास काढण्यात, जुन्या जॉबचे आकडे धुंडाळण्यात ४६ तास घालवले होते. त्या महिन्याच्या तक्त्यात ते तास नुसते बिनबिलाचे. पण ते प्रपोजल आम्हाला मिळालं आणि डिसेंबरमध्ये तीन माणसांना काम त्यातूनच आलं. त्यांना ८५ ची सक्ती असती तर त्यांनी प्रपोजल घाईत उरकलं असतं किंवा ते तास गुपचूप कुठल्या तरी जॉबवर टाकले असते. दुसऱ्यात तर अंदाज आणखी बिघडतो, कारण पुढच्या प्रपोजलचे तास आम्ही याच जॉबच्या आकड्यांवरून काढतो. जॉबवर खोटे तास चढले की पुढचा भाव महाग होतो आणि काम जातं. हे सांगितल्यावर अकाउंट्सच्या सरांनीही मान डोलावली.

नवे कोड आल्यावर पहिल्या महिन्यात टाइमशीटमधलं युटिलायझेशन खाली आलं. काम कमी झालं नव्हतं, `WAIT` आणि `RWK` जॉबच्या पोटातून बाहेर निघाले होते. हे होणार म्हणून मी सरांना आधीच सांगून ठेवलं होतं. ज्यांना हे आपल्या ऑफिसात करायचं असेल त्यांनीही आधीच सांगून ठेवावं, कारण आकडा पडलेला बघून कोणी तरी जुनी पद्धत परत आणा म्हणतंच.

एक गोष्ट अजून आमच्यात चर्चेत आहे. जानेवारीपासून आमचे दोन डिझायनर एका क्लायंटच्या ऑफिसात डेप्युटेशनवर बसतात. त्यांचं बिल महिन्याच्या ठरलेल्या दराने होतं, तिथे काम असो नसो. त्यामुळे त्यांचं युटिलायझेशन कायम १००. बाकी दहा जण ६८ वर असताना हे दोघं मिसळले तर ऑफिसची सरासरी ७३ दिसते आणि इथे बसलेल्या दहांसाठी काम कमी पडतंय हे लपतं. सरांना ७३ आवडतो, बँकेला दाखवायला. मी महिन्याच्या तक्त्यात डेप्युटेशनची ओळ वेगळी ठेवते, तिची बेरीज खाली विकलेल्या तासांत घेते, कारण ११२५ तासांच्या हिशोबात ते पैसे खरे आहेत. पण टक्क्यात घेत नाही. पुढच्या तिमाहीत आणखी एक जण डेप्युटेशनवर जाणार आहे, तेव्हा उरलेल्या नऊ जणांसाठी ८५-७०-४० चं गणित पुन्हा मांडावं लागेल.